दरवर्षी नवी समिती, तोच उत्सव : एका सोसायटीच्या गणेशोत्सवाची दृश्य ओळख

पार्श्वभूमी

पुण्याच्या पश्चिम उपनगरातील दोनशेहून थोड्या अधिक सदनिकांच्या एका गृहनिर्माण सोसायटीत २००१ पासून पाच दिवसांचा सार्वजनिक गणपती बसतो. सोसायटीची व्यवस्थापन समिती पाच वर्षांसाठी निवडून येते. उत्सव समिती मात्र दरवर्षी नवी असते. जून-जुलैमध्ये एक बैठक होते, त्या वर्षी ज्यांना वेळ आहे त्यांची नावे घेतली जातात आणि विसर्जनानंतरच्या हिशेबाच्या सभेत ती समिती विसर्जित होते. फलक, पावती पुस्तके, कार्यक्रमपत्रिका, स्वयंसेवकांचे बिल्ले आणि व्हॉट्सॲपवरचे निरोप यांचे स्वरूप त्या त्या वर्षी ज्याला संगणकावर थोडेफार काम येते तो ठरवत असे. एका वर्षी ते काम अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने केले, पुढच्या वर्षी एका काकूंच्या भाचीने केले आणि त्यानंतर एकदा थेट फ्लेक्सच्या दुकानातील ऑपरेटरने केले.

२०२२ चा उत्सव संपल्यावर समितीच्या खजिनदारांनी या कामाबद्दल माझ्याशी संपर्क साधला. २०२३ मध्ये गणेश चतुर्थी १९ सप्टेंबरला, म्हणजे बऱ्याच उशिरा येत होती, त्यामुळे विचार करायला पुरेसा अवधी होता. सोसायटीची आणि संबंधित व्यक्तींची ओळख पटेल असे तपशील येथे वगळले आहेत.

अडचण

समितीची मागणी ‘आम्हाला एक चांगला लोगो हवा’ अशी होती. सोसायटीच्या कार्यालयातून मागील सात-आठ वर्षांचे जे छापील साहित्य हाती लागले ते टेबलावर शेजारी शेजारी मांडल्यावर दिसले, की लोगोंचा तुटवडा मुळीच नव्हता. जवळजवळ प्रत्येक वर्षाचा एक स्वतंत्र लोगो होता. उत्सवाचे नावही स्थिर नव्हते. एका पावती पुस्तकावर ‘गणेशोत्सव समिती’, दुसऱ्यावर ‘सार्वजनिक गणेश मंडळ’, एका फलकावर ‘गणेश उत्सव’ आणि एका प्रशस्तिपत्रकावर ‘सांस्कृतिक विभाग’ असे छापलेले होते.

सर्वांत बोलकी विसंगती वर्षाच्या क्रमांकात होती. २०२१ च्या फलकावर ‘वर्ष २० वे’ असे होते आणि २०२२ च्या फलकावर ‘वर्ष २२ वे’. चौकशी केल्यावर कळले, की २०२० मध्ये महामारीमुळे मंडप पडला नव्हता आणि कार्यालयात केवळ लहान मूर्ती बसवून पूजा झाली होती. २०२१ च्या समितीने ते वर्ष मोजले नाही, पुढच्या समितीने मोजले. दोन्ही समित्यांकडे आपापली कारणे होती. निर्णयाची नोंद मात्र कोठेच नव्हती.

हे सारे केवळ दिसण्यापुरते राहिले असते तर कदाचित कोणी मनावर घेतले नसते. २०२२ मध्ये वर्गणीसाठी क्यूआर कोड असलेले एक चित्र सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरले. त्याचा रंग, अक्षरे आणि समितीचे नाव यांपैकी काहीही आदल्या वर्षीच्या निरोपाशी जुळत नव्हते. भाड्याने राहणाऱ्या काही कुटुंबांनी ते चित्र फसवणुकीचे समजून दुर्लक्षिले, तर काहींनी खजिनदारांना फोन करून विचारले, ‘काका, हा क्यूआर आपलाच आहे ना?’ खजिनदार डिझायनरकडे आले ते या फोनांमुळे. म्हणून कामाची व्याख्या आम्ही बदलून घेतली. पाहणाऱ्याला दुरूनच ‘हे आपल्याच उत्सवाचे आहे’ असे कळावे आणि हे ओळखीचे रूप समिती बदलली, दुकान बदलले, करणारा हात बदलला तरी टिकावे, अशी ती नवी व्याख्या होती.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय म्हणजे एक लोगो निश्चित करून बाकी सर्व त्या त्या वर्षीच्या समितीवर सोडणे. तो स्वस्त आणि सोपा होता. परंतु पंधरा फुटी फलकाच्या कोपऱ्यात वीतभर लोगो असला आणि उरलेल्या जागेतील सर्व काही दरवर्षी बदलले, तर पाहणाऱ्याच्या लक्षात ते बदललेलेच राहते. जुन्या साहित्यातही सलग दोन वर्षे एकच लोगो वापरल्याचे एक उदाहरण होते. समितीतील एकालाही ते आठवत नव्हते.

दुसरा पर्याय एका जाहिरात संस्थेने दिला होता. त्यात पन्नासएक पानांची सविस्तर नियमपुस्तिका आणि दरवर्षीच्या साहित्याचे कंत्राट होते. त्याचा दर वर्गणीतून जमणाऱ्या रकमेच्या चौथ्या भागाहून अधिक होता, त्यामुळे तो फेटाळला जाणारच होता. परंतु पैसे असते तरी मी तो सुचवला नसता. मोठी नियमपुस्तिका जेथे ती रोज वाचणारा पगारी माणूस आहे तेथे चालते. ऑगस्टमध्ये नोकरी सांभाळून रात्री अकरा वाजता पत्रिका करायला बसणारा स्वयंसेवक ती उघडत नाही.

तिसरा पर्याय आम्ही स्वीकारला. जे कधीच बदलायचे नाही असा थोडा भाग रेखून बंद करायचा, जे दरवर्षी बदलणारच आहे त्याला नेमकी जागा नेमून द्यायची आणि हे सर्व एका पानाच्या सूचनांत बसवायचे. या पर्यायाचा धोका असा होता, की स्थिर भाग कमी ठेवला तर ओळख विरते आणि जास्त ठेवला तर पुढच्या समितीला स्वतःचे काहीच करता येत नाही, मग ती नियम मोडते. नव्या समितीतील उत्साही माणसाला काहीतरी नवे करायचेच असते. त्याला जागा ठेवली नाही तर तो ती स्वतः काढतो.

पहिला निर्णय : चिन्हात गणपती असावा का?

समितीतील ज्येष्ठ सभासदांचा आग्रह होता, की चिन्हात बाप्पाचे मुख किंवा निदान सोंड तरी असावी. गणेशोत्सवाच्या चिन्हात गणपती नको म्हणणे ऐकायलाही विचित्र वाटत होते. त्यावर चर्चा चालू असताना व्यवस्थापकांनी सर्वांना पंपाच्या खोलीमागे नेले. पाण्याच्या जुन्या मोटारीवर पावसापासून आडोसा म्हणून २०१९ चा फ्लेक्स टाकलेला होता. त्याच्या मध्यभागी मूर्तीचे छायाचित्र होते आणि नेमका त्या चेहऱ्यावर विटांचा भार ठेवला होता. आग्रह धरणारे आजोबा काही क्षण पाहत राहिले आणि स्वतःच म्हणाले, की जे छापून शेवटी टाकून द्यायचे त्यावर देवाचे रूप नसावे.

हा निर्णय श्रद्धेच्या अंगाने झाला, तरी त्याला व्यवहाराचीही बाजू होती. चिन्ह बिल्ल्यावर, टी-शर्टवर, महाप्रसादाच्या कुपनावर आणि बक्षिसाच्या पिशवीवर जाणार होते. यांतील बहुतेक वस्तू पायदळी किंवा कचऱ्यात जातात. त्यामुळे मूर्तीचे छायाचित्र केवळ निमंत्रणपत्रिकेवर आणि मुख्य पडद्यावर घ्यायचे, अन्यत्र नाही, असे ठरले.

दुसरा निर्णय : शिरोरेषेचे तोरण

मग चिन्ह कशाचे करायचे? सोसायटीच्या फलकांची मापे एकमेकांशी अजिबात जुळत नाहीत. प्रवेशद्वारावरची पट्टी पंधरा बाय तीन फूट असते, मंडपातील पडदा जवळजवळ चौरस असतो, पावती आडवी आणि अरुंद असते, तर व्हॉट्सॲपचे चित्र चौकोनी असते. गोल किंवा चौकोनी चिन्ह लांबट पट्टीत एकटे पडते. म्हणून असे काही हवे होते जे मापानुसार ताणता येईल, पण बिघडणार नाही.

उत्तर देवनागरीतच सापडले. ‘गणेशोत्सव’ हा शब्द हाताने रेखून त्याची शिरोरेषा दोन्ही बाजूंना फलकाच्या कडेपर्यंत वाढवली आणि शब्दाच्या डाव्या-उजव्या बाजूस त्या रेषेला आंब्याची पाने टांगली. शब्दातील दोन मात्रा रेषेच्या वर आणि पाने रेषेच्या खाली राहत असल्याने दोन्हींची टक्कर होत नाही. पंधरा फुटी पट्टीत पाने जास्त येतात, चौकोनी चित्रात प्रत्येक बाजूला तीनच येतात. पानाचे रूप आणि दोन पानांतील अंतर कधीच बदलत नाही, बदलते ती केवळ पानांची संख्या. रेषेच्या उजव्या टोकाला झेंडूचे एक गोल फूल असते आणि त्यात वर्षाचा क्रमांक येतो. २०२० हे वर्ष मोजायचे, कारण पूजा झाली होती, असा ठराव सभेत करून इतिवृत्तात नोंदवला. त्यानुसार २०२३ हे २३ वे वर्ष ठरले.

तोरणाखालची संपूर्ण जागा त्या वर्षीच्या समितीची. तेथे सजावटीच्या विषयाचे चित्र, छायाचित्र किंवा मुलांनी काढलेले चित्र यांपैकी काहीही येऊ शकते. खालचा सहावा भाग पांढऱ्या पट्टीचा असून प्रायोजकांची नावे केवळ तेथेच येतात. ही पट्टी ठरवताना बरीच ओढाताण झाली. मुख्य प्रायोजक असलेल्या एका स्थानिक सराफाला आपले नाव उत्सवाच्या नावाच्या वर, ‘प्रस्तुत’ या शब्दासह हवे होते आणि मागील दोन वर्षे ते तसे छापलेही गेले होते. समितीने त्यांना मंडपाबाहेर स्वतंत्र उभा फलक देऊ केला. त्या वर्षी त्यांनी रक्कम थोडी कमी दिली. समितीने ती तूट स्वीकारली, आणि माझ्या मते या संपूर्ण कामातील सर्वांत धाडसी निर्णय तोच होता. तोरणाच्या वर एकदा कोणाचे नाव गेले असते, तर ती जागा दरवर्षी विक्रीला निघाली असती.

तिसरा निर्णय : फ्लेक्सच्या दुकानात काय टिकते?

अशा कामाचे खरे नियंत्रण डिझायनरच्या हाती नसते. ते उत्सवाच्या आदल्या आठवड्यात गर्दीने भरलेल्या फ्लेक्सच्या दुकानात असते. म्हणून चिन्ह पक्के करण्यापूर्वी आम्ही दोन दुकानांत चाचण्या घेतल्या.

पहिली चाचणी रंगाची होती. पडद्यावर झळाळणारा केशरी रंग छपाईच्या चार शाईंत उतरत नाही. तो विटकरीकडे झुकतो किंवा मळकट पिवळा होतो. त्यामुळे पडद्यावरून सुरुवात न करता आम्ही केशरीच्या चार छटांच्या पट्ट्या प्रत्यक्ष फ्लेक्सवर छापून घेतल्या, उन्हात बाहेर टांगल्या आणि त्यांतून एक निवडली. तिच्यात निळी आणि काळी शाई शून्य, गुलाबी साठ टक्के आणि पिवळी पूर्ण आहे. निळ्या किंवा काळ्या शाईचा थोडासा अंशही केशरीला मळवतो, म्हणून ती दोन शून्ये सूचनापत्रात ठळक छापली आहेत. छापील छटा आधी ठरवून पडद्यावरची छटा तिच्या जवळपास आणली. दुसरा रंग गडद हिरवा. तोरण, शब्द आणि झेंडू एवढ्यांनाच हे दोन रंग लागतात, बाकी रंग त्या त्या वर्षीच्या समितीने ठरवावेत.

दुसरी चाचणी अक्षरांची होती आणि तिथे अधिक शिकायला मिळाले. व्हॉट्सॲपवर युनिकोडमध्ये पाठवलेला मजकूर दुकानातील जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये उतरला, की त्याची निरर्थक चिन्हे होतात. मग ऑपरेटर तो पुन्हा टंकतो आणि ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका तेथे शिरतात. ‘साहेब, तुमचा फॉन्ट नाही आमच्याकडे, जवळचा टाकतो,’ हे वाक्य आम्हाला दोन्ही दुकानांत ऐकायला मिळाले. दुसरी बाब अधिक सूक्ष्म आहे. पुष्कळ फॉन्टांत मराठी वळणाचा ‘ल’ आणि ‘श’ मजकुराची भाषा मराठी अशी निवडली तरच येतो. ती निवड राहून गेली किंवा सॉफ्टवेअरला ती समजली नाही, की हिंदी वळणाची अक्षरे छापून येतात. पाच आणि आठ या अंकांचेही काही फॉन्टांत तसेच होते. शेजारच्या दोन फलकांवर दोन वळणांचा ‘श’ दिसला, तर नेमके काय खटकते ते बहुतेकांना सांगता येत नाही, पण खटकते खरे.

यावर उपाय असा केला, की तोरणातील शब्द आणि शून्य ते नऊ हे दहा अंक अक्षर म्हणून न ठेवता चित्राकृती म्हणून दिले. २६ हवे असेल तर दोन आणि सहाच्या आकृती उचलून फुलात ठेवायच्या. इतर मजकुरासाठी मुक्त परवान्याचा ‘मुक्ता’ हा फॉन्ट घेतला, कारण तो कोणालाही विनामूल्य उतरवून घेता येतो आणि पुढच्या समितीला परवान्याची चिंता राहत नाही. दुकानात फाइल देण्यापूर्वी सर्व मजकुराचे कर्व्हजमध्ये रूपांतर करायचे आणि फाइल व्हॉट्सॲपवरून पाठवायचीच असेल तर छायाचित्र म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवायची, हे दोन नियम सूचनापत्राच्या सुरुवातीलाच आहेत.

अंमलबजावणी

गणेश चतुर्थीची तारीख दरवर्षी बदलते. २०२३ मध्ये ती १९ सप्टेंबरला होती, २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला आणि २०२५ मध्ये २७ ऑगस्टला. तारीख छापलेली प्रत्येक वस्तू एका उत्सवापुरतीच उपयोगी असते. म्हणून मोठ्या वस्तूंवर तारीख आणि क्रमांक छापायचाच नाही असे ठरले. मंडपातील तोरण जाड मांजरपाटावर हिरव्या आणि केशरी अशा दोन स्क्रीन करून छापले. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये रंग आधीच कालवून घेतलेला असल्याने हवी ती छटा नेमकी मिळते. झेंडूच्या मध्यभागी वेल्क्रो शिवला आणि क्रमांकाचे कापडी वर्तुळ दरवर्षी नवे लावायचे ठेवले. प्रवेशद्वारावर मात्र कापड चालले नसते, कारण भाद्रपदाच्या पावसात ते भिजून लोंबते आणि आठवड्याभरात त्याला बुरशीचे ठिपके येतात. तेथे फ्लेक्सच ठेवला. त्यावरही क्रमांक नाही, क्रमांकाचा सनबोर्डचा गोल तुकडा रिंगेला बांधला जातो.

फाइली कोणाच्या खासगी लॅपटॉपवर ठेवायच्या नाहीत हे उघड होते, कारण २०१८ ची मूळ फाइल बदली होऊन बंगळुरूला गेलेल्या एका सभासदाबरोबर गेली होती. त्या सोसायटीच्या अधिकृत ई-मेल खात्याच्या ड्राइव्हवर ठेवल्या आणि त्यांची एक प्रत पेन ड्राइव्हवर घेतली. पेन ड्राइव्ह, वेल्क्रोचे जुने क्रमांक आणि सूचनापत्र यांचे हस्तांतर हिशेबाच्या सभेत शिल्लक रकमेबरोबरच होते आणि त्याची नोंद इतिवृत्तात होते. यासाठी वेगळी बैठक ठेवली असती तर ती दुसऱ्याच वर्षी बंद पडली असती. हिशेबाची सभा मात्र कधी चुकत नाही.

रौप्यमहोत्सवी वर्ष

या व्यवस्थेची परीक्षा २०२५ मध्ये झाली. तोपर्यंत समिती दोनदा बदलली होती आणि पंचविसाव्या वर्षासाठी नव्या सभासदांना पूर्णपणे वेगळा, चंदेरी रंगाचा लोगो हवा होता. त्यांचा मुद्दा बिनतोड होता. पंचविसावे वर्ष चोविसाव्यासारखेच दिसले तर लोक विचारतील, की विशेष काय केले? उलट बाजूने अडचण अशी होती, की विशेष लोगो एकदा आला, की सव्विसाव्या वर्षी जुन्याकडे परतणे म्हणजे उतरण वाटते आणि पुन्हा नव्याची मागणी होते.

अखेर तोरण तसेच ठेवून त्यातील फूल मोठे केले. एरवी रेषेच्या टोकाला असणारे झेंडूचे फूल त्या एका वर्षी तोरणाखालच्या मोकळ्या जागेत मध्यभागी आले, त्यात ‘२५’ चे अंक मोठे झाले आणि पाकळ्यांभोवती राखाडी-चंदेरी कडा आली. छपाईत खरी चंदेरी शाई महाग पडते आणि फ्लेक्सवर ती सहसा मिळत नाही, त्यामुळे राखाडीवरच भागवावे लागले. नव्या सभासदांपैकी दोघांचे समाधान झाले नाही आणि स्मरणिकेचे मुखपृष्ठ त्यांनी आपल्या मनासारखे, तोरणाशिवाय केले. समितीने ते चालू दिले. मला वाटते ते योग्यच झाले, कारण स्मरणिका घरात जपली जाते, ती फलकांच्या रांगेत उभी राहत नाही.

परिणाम

तीन वर्षांत मंडपातील कापडी तोरण तेच राहिले. प्रवेशद्वाराचा फ्लेक्स एकदा फाटल्याने बदलला. पहिल्या वर्षी कापड आणि स्क्रीनमुळे छपाईचा खर्च नेहमीपेक्षा वाढला. दुसऱ्या वर्षी तो २०२२ च्या निम्म्याच्या आसपास आला. रौप्यमहोत्सवी वर्षी स्मरणिकेमुळे तो पुन्हा चढला, त्यामुळे बचतीचा सरळ हिशेब मांडता येत नाही. वर्गणीच्या चित्राबद्दल ‘हे खरे आहे का’ अशी विचारणा जवळजवळ थांबली, असे खजिनदार सांगतात. त्यात तोरणाचा वाटा किती आणि खातेदाराचे नाव ठळक छापण्याचा किती, हे वेगळे काढता येणार नाही.

चुका पूर्णपणे टळल्या नाहीत. २०२४ मध्ये एका स्वयंसेवकाने चौकोनी चित्रात बसावे म्हणून पूर्ण तोरण आडवे दाबले आणि पाने मिरच्यांसारखी दिसू लागली. त्यानंतर चौकोनी मापाची तयार फाइल वेगळी ठेवली आणि ‘ताणू नका, पाने कमी करा’ अशी ओळ सूचनापत्रात आली.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत मोठी उणीव इंग्रजी मजकुराची आहे. सोसायटीत तमिळ, बंगाली आणि हिंदी बोलणारी कुटुंबे बरीच आहेत आणि मुलांच्या स्पर्धांचे फलक इंग्रजीतच लावले जातात. रोमन अक्षरांना शिरोरेषा नसते, त्यामुळे तोरणाची कल्पना तेथे लागू पडत नाही. सुरुवातीला केवळ मराठी साहित्य डोळ्यांसमोर ठेवल्याने हा प्रश्न २०२३ च्या ऑगस्टमध्ये, छपाईच्या तोंडावर लक्षात आला. तेव्हापासून वर मराठी तोरण आणि खाली साधा इंग्रजी मजकूर असे निभावले जाते. दिसायला ते वाईट नाही, परंतु इंग्रजी फलकांवर मोकळी जागा फार राहते आणि स्वयंसेवक ती भरण्यासाठी वाटेल तो फॉन्ट घेतात.

व्हॉट्सॲप गटाच्या गोल चित्रात तोरणाची दोन्ही टोके कापली जातात, म्हणून तेथे केवळ क्रमांकाचे झेंडूचे फूल वापरावे हे पुढे ठरले. ते पहिल्याच आराखड्यात असायला हवे होते. शिवाय एकच दुकान सलग तीन वर्षे ठेवले असते तर केशरीच्या छटेतील किरकोळ फरकही टळला असता, पण उत्सवाच्या आठवड्यात कोणते दुकान वेळेवर काम देईल हे समितीच्या हाती नसते. २०२६ ची चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे आणि नव्या समितीपुढे सध्या दोन प्रस्ताव आहेत. एकात इंग्रजी फलकांसाठी रोमन अक्षरांची स्वतंत्र, तोरणाखाली टांगलेली मांडणी आहे, तर दुसऱ्यात मुलांच्या स्पर्धांचे फलक मराठी आणि इंग्रजी असे दुभाषी करून तोरण आहे तसेच ठेवायचे आहे. पहिल्यात नवे रेखाटन करावे लागेल, दुसऱ्यात प्रत्येक फलकाचा मजकूर दुप्पट होईल. मी दुसऱ्याच्या बाजूने मत दिले आहे.